दुधाची बाटली: पॉलिप्रॉपिलीन, सिलिकॉन की काच?

तान्ह्या बाळाला वरचे दूध द्यायची वेळ आली की दुकानदार समोर तीन प्रकारच्या बाटल्या मांडतो आणि तिन्हींवर ‘बीपीए-मुक्त’ छापलेले असते. हे वाचून निवड करता येत नाही, कारण पॉलिप्रॉपिलीन, सिलिकॉन आणि काच यांपैकी कशातच बीपीए वापरत नाहीत. ते असायचे पॉलिकार्बोनेटच्या, काचेसारख्या पारदर्शक पण टणक बाटल्यांत. मोठ्या भावंडाची तशी जुनी बाटली माळ्यावर निघाली, तर ती बाद करावी. नवी प्लास्टिकची घेताना तळाशी त्रिकोणातला ५ हा आकडा पाहावा. तो पॉलिप्रॉपिलीनचा. शिवाय भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही हवे.

पॉलिप्रॉपिलीन आणि उकळते पाणी

ही बाटली किंचित दुधी दिसते, हलकी असते, पडली तरी फुटत नाही आणि स्वस्तात मिळते. उकळूनही ती वितळत नाही. अडचण सूक्ष्म कणांची आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली दाखवले की पाणी जितके गरम, तितके या प्लास्टिकचे बारीक कण जास्त सुटतात. त्याचा बाळाच्या प्रकृतीवर नेमका काय परिणाम होतो, हे अजून ठरलेले नाही. पण कण कमी करणे सोपे असेल, तर ते का करू नये?

दुसरीकडे, पावडरचे दूध निर्जंतुक नसते. म्हणून ते ७० अंशांपेक्षा थंड पाण्यात कालवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरम पाणी हवे, पण प्लास्टिकमध्ये नको. आपल्या स्वयंपाकघरात याचे उत्तर तयारच आहे. काचेच्या मापाच्या कपाने गरम पाणी मोजावे, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात पावडर घालून ढवळावे, झाकून कोमट होऊ द्यावे आणि मगच बाटलीत ओतावे. बाटली उकळून झाल्यावर आतून उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळावी. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नये.

काच

घरच्या घरी पाजायचे असेल तर मी काच निवडेन. तिला वास धरत नाही, ब्रशने ओरखडे पडत नाहीत आणि दुधाचा पातळ थर लगेच दिसतो. बोरोसिलिकेट काच तापमानाचा फरक बराच सोसते. तरी फ्रिजमधून काढलेली बाटली थेट उकळत्या पाण्यात टाकू नये आणि उकळताना पातेल्याच्या तळाशी स्वच्छ फडके घालावे. रोज कडेवरून बोट फिरवावे. बारीकसा टवका किंवा केसाएवढी चीर दिसली तरी बाटली बाद, तिथे दुसरा विचार नाही.

सिलिकॉन

सिलिकॉन उष्णतेला पक्के, पण धारेला कच्चे. ताठ ब्रशने किंवा नखाने पडलेली छोटी चीर पुढे फाटत जाते. वासही ते धरून ठेवते. धुऊन, उकळून, वाळवूनही आंबट वास येत असेल किंवा पृष्ठभाग चिकट लागत असेल, तर बाटली बदलावी. हळदीच्या घासणीने पिवळी झालेली बाटली मात्र फक्त पिवळी असते, खराब नव्हे. हा डाग उन्हात बराच फिका पडतो. बाटलीची घासणी वेगळीच ठेवावी.

पांढरट झाली: क्षार की झीज?

बोअरच्या जड पाण्याच्या गावांत हा प्रश्न हमखास येतो. पॉलिप्रॉपिलीनची बाटली दोन-तीन आठवड्यांत आतून धुरकट होते आणि घरचे ती टाकून देतात. आधी एक परीक्षा करावी. पांढरे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन बाटलीत अर्धा तास ठेवावे, हलक्या हाताने पुसून भरपूर पाण्याने धुवावे आणि वाळवून पाहावे. धुरकटपणा गेला तर तो पाण्यातला चुना होता. बाटली पुन्हा उकळून वापरावी. तो तसाच राहिला आणि उजेडात धरल्यावर बारीक रेघांचे जाळे दिसले, तर ती झीज आहे. त्या रेघांत दूध अडकते आणि जंतूंना थारा मिळतो, म्हणून बाटली बदलावी. आकार वाकडा होणे, झाकणाच्या आट्यांतून गळणे, मापाच्या रेघा पुसट होणे हीही बदलण्याचीच लक्षणे. माप चुकले तर दूध पातळ किंवा घट्ट होते.

निपल आधी जाते

बाटली कोणतीही असो, निपल तिच्या आधी झिजते. प्रत्येक वेळी ते बोटांनी सगळीकडून ताणून पाहावे. चीर, चिकटपणा, फुगवटा किंवा पातळ झालेला भाग दिसला तर ते टाकावे. मग बाटली उलटी धरावी. दूध थेंब थेंब पडायला हवे. सलग धार लागली तर भोक मोठे झाले आहे आणि बाळाला ठसका लागू शकतो. दात येऊ लागलेले बाळ निपल चावते, त्या काळात तपासणी जास्त काटेकोर करावी, कारण सिलिकॉनचा तुटलेला तुकडा घशात अडकू शकतो.