घर एकीचं, कर्ज मात्र दोघांचं

न्यू जर्सीत गृहकर्जाच्या कागदपत्रांचं काम करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कधी इथली मंडळी विचारतात, कधी पुण्या-नाशिकहून कुणाचे आई-बाबा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात: "कोर्टाने घर मुलीला दिलं, कागदही झाले. मग जावईबापूंचं नाव अजून कर्जावर कसं?"

उत्तर असं की घराचे कागद आणि कर्जाचे कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराची मालकी 'डीड'वर असते आणि कर्ज फेडण्याचं वचन 'नोट'वर असतं. नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा एक जण 'क्विटक्लेम डीड'वर सही करतो. आपल्याकडच्या हक्कसोडपत्राचाच हा भाऊ म्हणा ना. त्या सहीने मालकी सुटते, पण नोटवरची सही तशीच राहते. कोर्टाचा हुकूम नवरा-बायकोवर बंधनकारक असतो. कर्ज देणारी कंपनी त्या खटल्यात नसतेच, म्हणून हप्ता थकला तर ती दोघांकडेही पूर्ण रक्कम मागू शकते. घर सोडून गेलेल्याचाही क्रेडिट स्कोअर पडतो.

नाव काढण्याचे मार्ग तीनच: घर विकणं, एकट्याच्या नावावर रिफायनान्स करणं किंवा 'अझम्प्शन', म्हणजे जुनं कर्ज जुन्याच दराने एकट्याने स्वतःकडे घेणं. फोनवरचा माणूस बहुधा दुसराच मार्ग सांगतो. तिसरा का महत्त्वाचा, ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत.

माझ्याकडे आलेल्या एका मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने २०२१ मध्ये ४ लाख डॉलरचं, ३ टक्के दराचं, ३० वर्षांचं कर्ज घेतलं होतं. हप्ता १,६८६ डॉलर. प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा मिळून महिन्याला आणखी ९००. पाच वर्षांनी वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा साधारण ३ लाख ५६ हजार बाकी होते. मुलीची शाळा बदलायची नाही म्हणून घर तिने ठेवायचं ठरलं. तिचा पगार महिना ७,००० आणि गाडीचा हप्ता ३५०.

तेवढीच बाकी साडेसहा टक्क्यांनी रिफायनान्स केली तर हप्ता २,२४८ होतो. टॅक्स, विमा, गाडी धरून महिन्याचा बोजा जवळजवळ ३,५०० म्हणजे पगाराच्या निम्मा. तिथे अर्ज अडतो. जुनंच कर्ज पुढे चालवलं तर बोजा २,९३६ म्हणजे सुमारे ४२ टक्के. हे प्रमाण ४५ च्या आत असलं की काम बरंच सोपं होतं. घर तेच, पगार तोच, फरक फक्त दराचा.

आता कायदा काय म्हणतो? १९८२ च्या 'गार्न-सेंट जर्मेन' कायद्यानुसार, घटस्फोटामुळे राहतं घर जोडीदाराच्या नावावर झालं, तर तेवढ्या कारणावरून कंपनी सगळं कर्ज एकदम परत मागू शकत नाही. पण इथेच लोक फसतात. हा कायदा घर ठेवणाऱ्याला संरक्षण देतो, सोडून जाणाऱ्याला मोकळं करत नाही. त्यासाठी कंपनीने वेगळं पत्र द्यावं लागतं, 'रिलीज ऑफ लायबिलिटी'. नुसतं अझम्प्शन झालं आणि हे पत्र नसेल, तर आधीचं नाव जिथल्या तिथे आहे असंच समजा.

हे पत्र देण्याआधी कंपनी राहणाऱ्या व्यक्तीची नव्याने तपासणी करते. घटस्फोटाचा हुकूम आणि सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट, मालकी बदलल्याचं डीड, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, दोन वर्षांचे डब्ल्यू-टू, बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट रिपोर्ट ही नेहमीची यादी. पोटगी किंवा मुलांचा खर्च मिळत असेल तर तोही उत्पन्नात धरता येतो. पण साधारण सहा महिने तो नियमित मिळाल्याचा पुरावा आणि पुढे किमान तीन वर्षं तो चालू राहणार असल्याचा कागद लागतो. मुलगी सोळा वर्षांची असेल तर हिशेब जमत नाही, कारण तिच्या खर्चाची मुदत त्याआधीच संपू शकते.

माझ्या मैत्रिणीला पहिल्या फोनवर "रिफायनान्सच करावं लागेल" असंच सांगितलं. आम्ही फोन सोडून पत्र लिहिलं. त्यात अझम्प्शन विभागाचा अर्ज मागितला, घटस्फोटामुळे हस्तांतर असल्याचं लिहिलं आणि कर्ज फॅनी मेकडे आहे की फ्रेडी मॅककडे, हेही विचारलं. हप्ता घेणारी कंपनी बहुतेक वेळा फक्त वसुली करते. कर्जाचा मालक दुसराच असतो आणि नियम त्याचे चालतात.

अझम्प्शनमधून जादा पैसे मात्र मिळत नाहीत. घराची किंमत ६ लाख धरली तर कर्ज वजा जाता २ लाख ४४ हजार उरतात, त्यातले निम्मे, १ लाख २२ हजार, नवऱ्याचे. ते तिने रोख दिले नाहीत. तिच्या ४०१-केमधला तेवढ्या मोलाचा वाटा 'क्वाड्रो' नावाच्या कोर्टाच्या आदेशाने त्याच्या निवृत्ती खात्यात वळवला. त्या खात्यातले पैसे करपूर्व असतात, त्यामुळे तिथला एक डॉलर आणि घरातला एक डॉलर सारखे नसतात. दोन्ही वकिलांनी तो फरक हिशेबात धरला.

सोडून जाणाऱ्याने काय सांभाळायचं? पहिलं, क्विटक्लेमवर सही करण्याआधी कंपनीला विचारा की नोंदवलेलं डीड त्यांना अर्जाबरोबरच हवंय का. नसेल, तर सही केलेलं डीड पत्र हाती येईपर्यंत वकिलाकडे ठेवा. दुसरं, सेटलमेंटमध्ये तारीख घाला. अमुक दिवसांत पत्र मिळालं नाही तर घर विकायचं, आणि तोवर हप्ता भरल्याचं स्टेटमेंट दर महिन्याला दोघांना दिसलं पाहिजे. तारीख नसलेलं "लवकरात लवकर" कुणी पाळत नाही. तिसरं, भारतात परत गेला असाल तर सही तिथूनही होते, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरी करून किंवा भारतीय नोटरी आणि अपोस्टील घेऊन. अपॉइंटमेंटला वेळ लागतो, तो धरून चाला.

पत्र मिळण्याआधीच त्याला दुसरं घर घ्यायचं असेल तर? फॅनी मेच्या नियमांत कोर्टाने दुसऱ्यावर सोपवलेलं कर्ज त्याच्या मासिक बोजात न धरण्याची सोय आहे. कोर्टाचा हुकूम आणि मालकी सोडल्याचं डीड, दोन्ही दाखवावे लागतात. पण ही नव्या कंपनीची सवलत झाली, जुन्या कर्जातून सुटका नव्हे.

आमच्या प्रकरणात अर्जापासून पत्रापर्यंत पाच महिने गेले. मधे एकदा कंपनीने स्लिपा जुन्या झाल्या म्हणून नव्या मागितल्या, हे नेहमीचंच. नवऱ्याला मी इतकंच सांगितलं: पत्रावर तुमचं नाव आणि कर्जाचा क्रमांक तपासा, दोन महिन्यांनी तिन्ही संस्थांचे क्रेडिट रिपोर्ट काढा, आणि कर्ज तिथे अजून चालू दिसत असेल तर त्या पत्राची प्रत जोडून तक्रार करा. ते पत्र घटस्फोटाच्या हुकमाच्याच फाइलमध्ये ठेवा.