अर्धा गुण पुरेसा असताना

बुद्धिबळाच्या स्पर्धेत विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा आणि पराभवाला शून्य. शेवटच्या फेरीपर्यंत सगळे खेळाडू याच हिशेबाने खेळतात. शेवटच्या फेरीत मात्र एखाद्या खेळाडूपुरता हा हिशेब बदलतो. अर्ध्या गुणाने त्याचे पहिले स्थान पक्के होणार असेल, तर विजय आणि बरोबरी यांची किंमत त्याच्यासाठी सारखीच होते आणि टाळायचा उरतो तो फक्त पराभव.

याचा परिणाम आकड्यांत पाहणे सोपे जाते. समजा, एखाद्या आक्रमक प्रकाराचे शंभर डाव खेळले तर ४० विजय, २५ बरोबरी आणि ३५ पराभव मिळतात. दुसरा एक शांत प्रकार आहे. त्यात १० विजय, ७० बरोबरी आणि २० पराभव येतात. एरवी पहिला प्रकार चांगला, कारण त्यात साडेबावन्न गुण होतात आणि दुसऱ्यात पंचेचाळीस. पण बरोबरी पुरेशी असलेल्या दिवशी पहिल्या प्रकारात काम होण्याची शक्यता ६५, तर दुसऱ्यात ८०. म्हणजे एरवी कमी प्रतीचा ठरणारा प्रकार त्या एका दिवसापुरता योग्य ठरतो.

येथवर सावध खेळाची बाजू बिनतोड दिसते. अडचण अशी की समोरचा खेळाडूही हाच हिशेब उलट्या बाजूने मांडत असतो. त्याला जिंकावेच लागणार असेल, तर बरोबरी आणि पराभव त्याला सारखेच. त्यामुळे तो मोहऱ्यांची अदलाबदल टाळतो, पटावर गुंतागुंत शिल्लक ठेवतो आणि एरवी पत्करला नसता असा धोका पत्करतो. शांत प्रकारात एरवी पडणारे पराभव वीस असले, तरी त्या दिवशी ते वीसच राहतील याची खात्री नसते.

त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे बरोबरी खरोखरच पुरेशी आहे का. गुण सारखे झाल्यास क्रम ठरवण्याचे नियम प्रत्येक स्पर्धेचे वेगळे असतात आणि इतर पटांवरचे निकालही त्यात येतात. २०१३ साली लंडनच्या कँडिडेट्स स्पर्धेत अखेरच्या फेरीपूर्वी मॅग्नस कार्लसन आणि व्लादिमिर क्रामनिक साडेआठ गुणांवर बरोबरीत होते. गुण सारखे राहिले तर अधिक विजयांमुळे कार्लसन पुढे जाणार होता. त्यामुळे क्रामनिकला कार्लसनपेक्षा सरस निकाल हवा होता. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने इव्हानचुकविरुद्ध पर्क बचाव निवडला. हा बचाव धोक्याचा खरा, पण बरोबरीच्या सरळ वाटेवर न नेणारा. त्यात क्रामनिक हरला. कार्लसनही पांढऱ्या मोहऱ्यांनी स्विडलरकडून हरला आणि दोघांचेही गुण न वाढल्याने कार्लसनच पुढे गेला. त्या दिवशी दोघांपैकी कोणीही एकाच पटावर बसून ‘मला किती हवे आहे’ हे निश्चित सांगू शकला नसता.

हिशेब पक्का झाला की निर्णय येतो सुरुवातीच्या चालींचा. इथे सुरक्षित म्हणजे कंटाळवाणा प्रकार, असा समज नवख्या खेळाडूंत फार पक्का असतो. फ्रेंच बचावात पांढऱ्याने मधली प्यादी मारून घेतली की पट सममित होतो, म्हणून बरोबरीसाठी अनेक जण तो प्रकार धरतात. पण त्यातही मोहरी पुष्कळ शिल्लक राहतात, आणि प्रतिस्पर्ध्याने राजा विरुद्ध बाजूला नेला की वादळ उठू शकते. एरवी कधी न खेळलेला ‘सुरक्षित’ प्रकार त्या दिवशी उचलला, तर बाराव्या-पंधराव्या चालीपासूनच स्वतः विचार करावा लागतो आणि घड्याळ धावू लागते. याउलट १९८५ साली मॉस्कोत जगज्जेतेपदाच्या सामन्यातील चोविसाव्या, म्हणजे अखेरच्या डावात गॅरी कास्पारोव्हने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याच्याकडे १२–११ अशी आघाडी होती आणि बरोबरीत तो जगज्जेता होणार होता. अनातोली कार्पोव्हला जिंकून १२–१२ करावे लागणार होते, कारण तेवढ्याने त्याचे जेतेपद टिकत होते. काळ्या मोहऱ्यांनी कास्पारोव्हने सिसिलियन बचावाचा शेवेनिंगेन प्रकारच धरला. हा प्रकार तीक्ष्ण, पण त्याच्या हाडीमांसी मुरलेला. कार्पोव्हने राजाच्या बाजूने प्यादी पुढे काढली, त्यात त्याचाच राजा उघडा पडत गेला आणि कास्पारोव्हने डाव जिंकून सामना १३–११ असा संपवला.

दोन वर्षांनी सेव्हिलमध्ये पारडे फिरले. तेविसावा डाव जिंकून कार्पोव्ह १२–११ असा पुढे होता. आता अखेरच्या डावात बरोबरी त्याला पुरत होती आणि जिंकायचे होते कास्पारोव्हला, तेही पांढऱ्या मोहऱ्यांनी. कास्पारोव्ह हल्ल्याचा राजा, म्हणून तो पहिल्या चालीपासून आग ओकेल असे कोणालाही वाटले असते. त्याने केले भलतेच. त्याने उंटाच्या प्याद्याने संथ सुरुवात केली, घाई टाळली आणि मोहरी पटावर राहू दिली. कार्पोव्हला एकाही ठिकाणी सक्तीची अदलाबदल सापडली नाही. डाव लांबला, प्रत्येक चालीला ‘हे सुरक्षित आहे का’ असा विचार करण्यात वेळ गेला आणि पहिल्या वेळमर्यादेच्या आधी कार्पोव्हचे घड्याळ संपत आले. त्या घाईत चुका झाल्या. डाव तहकूब झाला तेव्हा कास्पारोव्हकडे एक प्यादे जास्त होते, आणि दुसऱ्या दिवशी ६४ चालींनंतर कार्पोव्हने हार मानली. १२–१२ अशा बरोबरीवर जेतेपद कास्पारोव्हकडे राहिले.

या डावाचा दोष केवळ घड्याळावर टाकता येत नाही. बरोबरीसाठी खेळणाऱ्याचा वेळ जातो याचे कारण असे की, त्याच्यासमोर दोन मोजमापे असतात: चाल चांगली आहे का, आणि चाल निर्धोक आहे का. बहुतेकदा उत्तर एकच येते. जेथे वेगळे येते तेथे माणूस अडकतो. मग तो हळूहळू मोहरी मागे घेतो, पुढाकार सोडतो आणि अदलाबदलीसाठी अदलाबदल करतो. सगळ्यात वाईट ही शेवटचीच सवय. प्रत्येक अदलाबदल बरोबरीकडे नेत नाही. चांगला उंट देऊन प्रतिस्पर्ध्याचा निकामी घोडा घेतला, की मोहरी कमी होतात खरी, पण उरलेला अंत्यखेळ वाईट होतो आणि तो तीस-चाळीस चाली सोसावा लागतो. प्रतिस्पर्ध्याला तर असा डाव हवाच असतो, कारण त्याला त्यात धोका नसतो.

सावध आणि तीक्ष्ण यांतला हा भेद पटावर कसा पुसट होतो, हे २०१६ च्या मॉस्को कँडिडेट्स स्पर्धेतील अखेरच्या फेरीत दिसते. सर्गेई कार्याकिन आणि फाबिआनो कारुआना, दोघांचेही साडेसात गुण होते आणि त्यांचीच गाठ पडली. परस्परांमधला पहिला डाव बरोबरीत सुटला होता. कार्याकिनचे विजय तीन, कारुआनाचे दोन, म्हणून हा डावही बरोबरीत सुटला तर कार्याकिन पुढे जाणार होता. अडचण एकच होती. विश्वनाथन आनंद सात गुणांवर होता. तो जिंकून आठवर आला असता तर तिघांचे गुण सारखे झाले असते, आणि परस्परांविरुद्धच्या निकालांमुळे तेव्हा कारुआना वर आला असता. आनंदचा स्विडलरशी डाव बरोबरीत सुटला, त्यामुळे कार्याकिनला बरोबरी पुरत होती.

कारुआनाने सिसिलियन बचाव स्वीकारला. कार्याकिनला शांत वाट घेता आली असती, पण त्याने मुख्य प्रकारच खेळला, राजा वजिराच्या बाजूला नेला आणि प्यादी पुढे काढली. कारुआनाने राजा मध्येच ठेवला. किल्लेकोट केलाच नाही. त्याचे दोन्ही हत्ती सक्रिय होते आणि पांढऱ्याचे ई४ वरचे प्यादे त्याच्या उंटाच्या निशाण्यावर होते. अशा स्थितीत बरोबरी हवी असलेला खेळाडू सहसा ते प्यादे राखत बसतो. कार्याकिनने तिसाव्या चालीत ते स्वतःच पुढे ढकलून ई५ वर देऊन टाकले. एक प्यादे गेले, पण राखायचे ओझेही गेले. त्याच्या मोहऱ्यांना मध्यावरच्या काळ्या राजाविरुद्ध मोकळीक मिळाली. बरोबरीच्या दृष्टीने हा सौदा अविचाराचा नव्हता, कारण उघड्या राजाविरुद्ध सक्रिय मोहरी असली की पुन्हा पुन्हा शह देऊन बरोबरी साधण्याची वाट बहुधा हाताशी राहते. एक प्यादे वाचवून निष्क्रिय झालेल्या खेळाडूला ती वाट नसते.

छत्तिसाव्या चालीपर्यंत डाव तोलातच होता. काळ्याचे डी५ वरचे प्यादे तिघे राखत होते: ई६ वरचे प्यादे, ई५ वरचा हत्ती आणि जी२ वरचा उंट. जिंकायचेच असल्याने कारुआनाने हत्ती ई४ वर पुढे आणून पांढऱ्याच्या हत्तीवर रोखला. त्या एका चालीने दोन राखणदार एकदम नाहीसे झाले. हत्ती स्वतः डी५ सोडून गेला, आणि उंट व डी५ यांच्यामध्ये येऊन त्याने उंटाचीही वाट अडवली. कार्याकिनने हत्तीने ते प्यादे मारले. काळ्या प्याद्याने हत्ती घेतला, पांढऱ्या वजिराने प्यादे घेतले, आणि लगेच डी७ वर मात होण्याची धमकी उभी राहिली. कारुआनाने वजीर मागे आणून ती अडवली, पण त्याचा उंट पांढऱ्या वजिराला अजूनही मारू शकत नव्हता, कारण मध्ये स्वतःचाच हत्ती. ४२ चालींत कारुआनाने हार मानली. कार्याकिन त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये कार्लसनशी जगज्जेतेपदासाठी खेळला.

हत्तीचा बळी देण्याआधी कार्याकिनला बरोबरीच हवी होती, हे ध्यानात ठेवले की त्याचे वजन कळते. तो धाडस म्हणून दिलेला नव्हता. प्रत्येक उत्तर सक्तीचे होते आणि हिशेब चार-पाच चालींतच संपत होता. अशा ठिकाणी तीक्ष्ण चाल आणि सुरक्षित चाल एकच असतात. धोका असतो तो हिशेब मध्येच धूसर होणाऱ्या बळीत, जिथे ‘काहीतरी मिळेल’ एवढ्यावर भरवसा ठेवावा लागतो. बरोबरी पुरेशी असताना तसला बळी टाळायचा.

बरोबरी पुरेशी असणे कधी अर्धवटही असते. २०२४ च्या टोरंटो कँडिडेट्स स्पर्धेत अखेरच्या फेरीपूर्वी डी. गुकेशचे साडेआठ गुण होते. नाकामुरा, कारुआना आणि नेपोम्नियाची आठवर होते. काळ्या मोहऱ्यांनी नाकामुराशी बरोबरी केली तर गुकेशला किमान बरोबरीतले पहिले स्थान नक्की होते. एकट्याने जिंकायचे तर मात्र कारुआना–नेपोम्नियाची डावात कोणी जिंकता कामा नये, आणि ते त्याच्या हातात नव्हते. नाकामुराला हरवून ती चिंता मिटवता आली असती, पण त्यासाठी किमान टायब्रेकची हमी पणाला लावावी लागली असती. गुकेशने तो मोह टाळला आणि ७१ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या पटावर कारुआनाने जिंकण्याच्या संधी गमावल्या, तो डाव १०९ चालींनी बरोबरीत संपला आणि नऊ गुणांवर गुकेश एकटा पहिला आला.