पाच गाड्या, एक मॉडेल आणि सर्व्हिसिंगचा करार

टॉवेलचा धंदा करणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीने पाच मोटारी घ्यायचे ठरवले, तेव्हा जुळे सोलापुरातील ऑफिसात तीन मते निघाली. भागीदार म्हणाले, पाचही एकाच मॉडेलच्या घ्या. शोरूमवाल्याने पाचही गाड्यांसाठी सर्व्हिसिंगचा करार पुढे केला. ड्रायव्हरांचे म्हणणे वेगळेच होते. व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून तो हिशेब येथे देत आहे.

एकाच मॉडेलचा मोठा फायदा म्हणजे एक गाडी वर्कशॉपात गेली तर कोणताही ड्रायव्हर दुसरी बिनधास्त घेऊन निघतो. धोका एवढाच की मॉडेल गैरसोयीचे निघाले तर पाचही ठिकाणी तीच गैरसोय. म्हणून आम्ही आधी पाचही ड्रायव्हरांना गाडीत बसवून चालवायला लावले. पहिल्या पसंतीच्या गाडीत उंच ड्रायव्हरचा गुडघा स्टीअरिंगला लागत होता. ते मॉडेल तिथेच सोडले.

आता करार. त्याची मुदत होती पाच वर्षे किंवा ५० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. सोलापूर ते पुणे अंदाजे २५० किलोमीटर. आठवड्यात दोन फेऱ्या म्हणजे हजार किलोमीटर, वर्षाचे ५२ हजार. पुण्याच्या गाडीचा करार वर्षाच्या आतच संपणार! गावातली गाडी वर्षाला १२ हजार धावते, तिचा करार चार वर्षे पुरेल.

उपाय म्हणजे गाड्या आळीपाळीने पुण्याला पाठवणे. पण ड्रायव्हर म्हणाले, "शेठ, गाडी हातोहात फिरली तर बिघाड कुणाच्या हातून झाला हे कसे कळणार?" बोलणे रास्त होते. म्हणून गाडी ज्याची त्याच्याकडेच ठेवली आणि पुण्याची पाळी बदलली. दर दहा आठवड्यांनी पाळी बदलते. तेवढ्यात दहा हजार किलोमीटर होतात आणि आमच्या मॉडेलची सर्व्हिसिंगही दहा हजारांवरच आहे. पाळी संपली की गाडी थेट वर्कशॉपात.

आमच्या वयस्क चाचांना लांबचा रस्ता झेपत नाही. त्यांची गाडी गावातच ठेवली आणि तिचा करार केला नाही. उरलेल्या चार गाड्या मिळून वर्षाला सुमारे ८८ हजार, म्हणजे प्रत्येकी २२ हजार धावतात. करार सव्वादोन वर्षे पुरतो.

सही करण्यापूर्वी क्लच प्लेट, ब्रेक पॅड आणि टायर करारात आहेत का, हे लेखी विचारावे. बहुधा नसतात, आणि खरा खर्च तिथेच होतो. पुण्याच्या वर्कशॉपातही करार चालतो का, तेही पाहावे.

शेवटी जीएसटी. ड्रायव्हर धरून तेरापर्यंत आसनांची प्रवासी गाडी कंपनीच्या कामासाठी घेतली, तर आपल्यासारख्या कापड व्यापाऱ्याला तिच्या करावर क्रेडिट मिळत नाही. तिच्या सर्व्हिसिंगवरही नाही. सुताच्या बिलासारखा तो कर परत मिळेल असे धरू नये. कराराची रक्कम कर मिळवूनच सुट्या सर्व्हिसिंगच्या खर्चाशी ताडून पाहावी.