ऑक्सिजन-न्यूनता

ऑक्सिजन-न्यूनता म्हणजे शरीरातील ऊतकांना गरजेइतका ऑक्सिजन न मिळणे किंवा मिळालेला वापरता न येणे. वैद्यकात या अवस्थेला हायपॉक्सिया म्हणतात. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये तिचे तीन प्रकार मांडले. रक्तात शिरणारा ऑक्सिजनच कमी पडणे (उंच पर्वत, फुफ्फुसाचे विकार), तो वाहणारे हिमोग्लोबिन कमी असणे आणि रक्ताचा प्रवाह मंदावणे, असे ते प्रकार होत. पेशींनाच ऑक्सिजन वापरता न येणे हा चौथा प्रकार पुढे जोडला गेला. पहिल्यात रोहिणीतील रक्तच ऑक्सिजनने अपुरे भरलेले असते. उरलेल्या तिन्हींत फुफ्फुसे आपले काम चोख करतात, तरीही ऊतके उपाशी राहतात. या तिघांतील फरक नीलेतून परतणाऱ्या रक्तात दिसतो.

निरोगी प्रौढाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते, त्यामुळे ऊतकांकडे १००० मिलिलिटर ऑक्सिजन जातो. त्यातील २५० मिलिलिटर खर्च होतो. परतणाऱ्या १०० मिलिलिटर रक्तात म्हणून १५ मिलिलिटर शिल्लक असतो.

रक्तक्षय

हिमोग्लोबिन निम्मे, म्हणजे ७.५ ग्रॅम झाले, तर १०० मिलिलिटर रक्तात १० मिलिलिटरच ऑक्सिजन मावतो. ऊतके त्यातून पूर्वीइतकाच, ५ मिलिलिटर, काढून घेतात आणि ५ उरतो. हृदय वेगाने धडधडून ही तूट काही अंशी भरून काढते. म्हणून रुग्ण बसला असता बरा दिसतो आणि पाण्याची घागर घेऊन चढ चढताना त्याला धाप लागते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते. ते हिमोग्लोबिन किती टक्के भरले आहे ते सांगते, किती आहे ते सांगत नाही. त्यामुळे आकडा ९८ दिसतो. ओठही सहसा निळे पडत नाहीत, कारण निळेपणा दिसण्यासाठी केशवाहिन्यांतील १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५ ग्रॅम ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत कमी-अधिक रक्तक्षय आढळला, म्हणून हा फसवेपणा किरकोळ नव्हे.

मंद रक्ताभिसरण

हृदय दुर्बल होऊन मिनिटाला अडीच लिटरच रक्त ढकलू लागले, तर पुरवठा तितकाच, म्हणजे ५०० मिलिलिटरवर येतो. मात्र प्रत्येक १०० मिलिलिटरमध्ये २० मिलिलिटर ऑक्सिजन असतोच. रक्त केशवाहिन्यांत रेंगाळते, ऊतके त्यातून १० मिलिलिटर ओढून घेतात आणि नीलेतील रक्त काळसर होते. हिमोग्लोबिन भरपूर असल्याने येथे नखे व ओठ निळसर पडतात आणि हातपाय गार लागतात.

सायनाइडची विषबाधा

येथे रक्त ऑक्सिजनने भरलेले असते आणि प्रवाहही आरंभी ठीक असतो. दोष पेशीत असतो. सायनाइड तंतुकणिकेतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराच्या लोहाला चिकटते. ऑक्सिजनचा वापर त्यामुळे थांबतो व लॅक्टिक आम्ल साचते. ऊतके ऑक्सिजन घेतच नाहीत, म्हणून २० पैकी बहुतेक भाग परत येतो आणि नीलेतील रक्तही रोहिणीतल्यासारखे लालभडक दिसते. श्वास बंद पडल्यावर हे लक्षण मावळते, त्यामुळे ते नसले म्हणून विषबाधा नाही असे म्हणता येत नाही.

याचे परिचित उदाहरण ज्वारीच्या शेतात सापडते. परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या ज्वारी पिकवणाऱ्या मुलखात ते शेतकऱ्यांना नवे नाही. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. पाने चघळली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. गुडघ्याखालचे पीक, पावसाच्या ताणाने सुकलेले पीक आणि कापणीनंतर फुटलेला खोडवा यांत धुरिन अधिक असते. फुलोऱ्यानंतर ते घटते आणि नीट वाळवलेल्या कडब्यात धोका बराच कमी असतो. गाईबैलांच्या पहिल्या पोटातील जीवाणू हे विष झपाट्याने सोडवतात, म्हणून घोड्यापेक्षा गुरांना धोका जास्त. जनावर धापा टाकते, लाळ गाळते, थरथरते आणि काही मिनिटांत कोसळू शकते.

पशुवैद्य शिरेतून सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्राइट काही हिमोग्लोबिनचे रूप बदलून मेथहिमोग्लोबिन बनवते, ते सायनाइडला पेशीतून आपल्याकडे ओढते. थायोसल्फेटमुळे त्याचे थायोसायनेट होऊन ते लघवीवाटे जाते. परंतु मेथहिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. नायट्राइट जास्त दिले गेले, किंवा जनावर आधीच रक्तक्षयी असले, तर चौथ्या प्रकारावरचा हा उपाय दुसरा प्रकार ओढवून घेतो. म्हणून मात्रा वजनावरून ठरवावी लागते.