विश्लेषण : अंतर तीनच किलोमीटर, मग गडावर पोहोचायला दीड तास का? ट्रेकचा वेळ कसा मोजतात?

सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर चालायला जेमतेम पाऊण तास पुरतो. तेवढेच अंतर गडाच्या वाटेवर असेल तर दुप्पट वेळही कमी पडतो. डोंगरात अंधार गाठतो तो बऱ्याचदा याच हिशेबातल्या चुकीमुळे. अंतर मोजले जाते, पण चढ मोजला जात नाही. हा चढ वेळेत बसवण्याचा एक सोपा नियम १३० वर्षांहून अधिक काळ जगभरचे गिर्यारोहक वापरत आहेत. ‘नेस्मिथचा नियम’ या नावाने तो ओळखला जातो.

नियम आला कुठून?

विल्यम नेस्मिथ हे स्कॉटलंडमधील गिर्यारोहक. ‘स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लब’ १८८९ मध्ये सुरू झाला, त्यामागे त्यांचाच पुढाकार होता. मे १८९२ मध्ये त्यांनी क्रियनलारिख या गावाजवळची क्रुआख आर्ड्रेन, स्टॉब बिनियन आणि बेन मोर ही तीन शिखरे एकाच दिवसात केली. नकाशावरचे अंतर होते १० मैल आणि एकूण चढाई ६,३०० फूट. लहानसहान थांबे धरून त्यांना साडेसहा तास लागले.

क्लबच्या नियतकालिकात या चालीची छोटीशी नोंद देताना त्यांनी एक हिशेब मांडला. नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास मिळवायचा. त्यांच्याच चालीला हे लावून पाहू. १० मैलांचे ३ तास २० मिनिटे आणि ६,३०० फुटांचे ३ तास ९ मिनिटे, म्हणजे एकूण ६ तास २९ मिनिटे. प्रत्यक्षात लागलेल्या वेळेत आणि या आकड्यात एका मिनिटाचा फरक. पुढे लोकांच्या लक्षात राहिला तो हा हिशेब.

आजच्या मापात नियम काय सांगतो?

मैल आणि फूट बाजूला ठेवले तर नियम असा होतो : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तोंडी हिशेबासाठी त्याहून सोपे रूप म्हणजे एका किलोमीटरला १२ मिनिटे आणि १० मीटर चढाईला १ मिनिट.

एक तासात ५ किलोमीटर सपाट चाल होते आणि तेवढ्याच वेळात ६०० मीटर चढून होतात, म्हणजे वर चढलेला एक मीटर हा सपाटीवरच्या सुमारे आठ मीटरांइतका महाग पडतो. गडाच्या वाटेवर अंतराचा आकडा फसवतो तो यामुळे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे ट्रेकर ज्यांना कंटूर म्हणतात त्या, साधारणपणे २० मीटर उंचीच्या फरकाने आखलेल्या असतात. वाट चढताना जितक्या रेषा ओलांडते, तितकी दोन-दोन मिनिटे अंतराच्या वेळेत मिळवत जायची. मात्र नकाशा हातात घेतल्यावर रेषांमधला फरक किती आहे, हे आधी पाहून घ्यावे.

सिंहगडाला हा नियम लावला तर?

पायथ्यापासून सिंहगडाची नेहमीची पायवाट एका बाजूने सुमारे २.७ किलोमीटर आहे आणि चढाई ६०० मीटरच्या आसपास. अंतराचे होतात ३२ मिनिटे, चढाईची ६० मिनिटे. एकूण ९२ मिनिटे, म्हणजे दीड तास. यातला जवळजवळ दोन तृतीयांश वेळ एकट्या चढाईचा आहे. नुसते अंतर पाहून निघालेल्या माणसाच्या हिशेबात नेमका हाच मोठा भाग नसतो.

उतरताना वेळ वाचतो का?

मूळ नियमात उतारासाठी वेगळे काही नाही. उतरताना फक्त अंतराचा वेळ धरायचा. हलक्या उतारावर पाय आपोआप पडतात, त्यामुळे वेळ त्याहूनही कमी लागतो. पण उतार तीव्र झाला की प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते, गुडघ्यांवर भार येतो, मुरमाड वाटेवर पाय घसरतो आणि वेग पुन्हा मंदावतो.

ब्रिटनमधील गिर्यारोहण प्रशिक्षक एरिक लँगमुइर यांनी ही उणीव भरून काढली. त्यांच्या दुरुस्तीनुसार उतार ५ ते १२ अंशांचा असेल तर दर ३०० मीटर उतराईला १० मिनिटे वजा करायची. तो १२ अंशांहून तीव्र असेल तर तितक्याच उतराईला १० मिनिटे मिळवायची.

सिंहगडाच्या वाटेचा सरासरी उतार साडेबारा अंशांच्या आसपास येतो, म्हणजे तो दुसऱ्या गटात मोडतो. अंतराच्या ३२ मिनिटांत ६०० मीटर उतराईची २० मिनिटे मिळवली की उतरायला ५२ मिनिटे लागतात. ‘वर दीड तास लागला, खाली अर्ध्या तासात येऊ’ हा अंदाज त्यामुळे चुकतो.

चढाई मोजताना सर्वात मोठी चूक कोणती?

माथ्याच्या उंचीतून पायथ्याची उंची वजा करणे आणि त्यालाच चढाई समजणे. एकाच सोंडेने सरळ वर जाणाऱ्या वाटेला हे चालते. वाट मध्ये खिंडीत उतरून पुन्हा चढत असेल तर चालत नाही.

नेस्मिथ यांचीच चाल पाहा. त्यांनी केलेल्या तिन्ही शिखरांत सर्वात उंच बेन मोर. त्याची उंची १,१७४ मीटर, म्हणजे ३,८५२ फूट आहे. तरी त्यांची एकूण चढाई ६,३०० फूट भरली, कारण प्रत्येक शिखरावरून उतरून पुढच्यासाठी पुन्हा चढावे लागले. स्टॉब बिनियन १,१६५ मीटर उंच आहे. तिथून बेन मोर अवघे ९ मीटर वर. वजाबाकीने हिशेब केला तर चढाईला एक मिनिटही लागायला नको. पण दोघांमधली खिंड सुमारे ८६० मीटरवर आहे. तिथे उतरायचे आणि मग ३१० मीटरहून अधिक चढायचे, म्हणजे चढाईचीच अर्धा तासाहून जास्त मिनिटे झाली.

राजगड ते तोरणा ही चाल आपल्याकडची अशीच. दोन्ही गडांच्या उंचीत फारसा फरक नाही, पण एकावरून उतरून मधल्या डोंगररांगेचे चढउतार पार करत दुसरा गाठावा लागतो. अशा वाटेवर प्रत्येक चढ वेगळा मोजून त्यांची बेरीज करायची. उतरताना गमावलेली उंची त्या बेरजेतून वजा करायची नाही. परतीच्या वाटेवर एखादा चढ असेल तर तोही परतीच्या वेळेत धरायचा.

मग निघायचे कधी?

नियमाचा खरा उपयोग इथे होतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सिंहगड चढायला ९२ मिनिटे, उतरायला ५२ आणि वर पिठलं-भाकरीसाठी अर्धा तास धरला तर २ तास ५४ मिनिटे होतात. म्हणजे उजेडात खाली यायचे असेल तर तीनच्या आत चालायला लागले पाहिजे. चारला निघालेला गट शेवटचा जवळजवळ तासभर अंधारात उतरेल, आणि तोच वाटेचा घसरडा, तीव्र भाग असेल.

पण हा वेळ आपल्या गटाला लागू आहे का, हे वाटेतच तपासता येते. निम्मी चढाई झाली की घड्याळ पाहायचे. हिशेबाप्रमाणे तिथे ४६ मिनिटांत पोहोचायला हवे. चालण्यातच ६० मिनिटे गेली असतील तर गट नियमाच्या सुमारे १.३ पट वेळ घेत आहे. मग चढाई ९२ ऐवजी दोन तासांची होणार आणि उतराई ५२ ऐवजी ६८ मिनिटांची. अर्ध्या तासाचा थांबा धरून एकूण वेळ ३ तास ३८ मिनिटांवर जातो. अशा गटाने सव्वादोनपर्यंत निघायला हवे होते. तीनला निघालेला असेल तर वरचा थांबा कमी करायचा, किंवा माथा न गाठता वेळीच परत फिरायचे. हा निर्णय निम्म्या वाटेवर घेता येतो. माथ्यावर पोहोचल्यावर तो घ्यायला उशीर झालेला असतो, कारण तोवर पूर्ण उतराई शिल्लक असते.

हे १.३ सारखे गुणोत्तर टिपून ठेवावे. प्रत्यक्ष चालीचा वेळ भागिले नियमाचा वेळ, असे दोन-तीन ट्रेकनंतर आपले स्वतःचे प्रमाण हाती येते. पुढच्या अनोळखी वाटेचा नियमाने काढलेला वेळ त्याने गुणला की अंदाज बराच जवळ येतो. गटात जायचे असेल तर सरासरी काढू नये. सर्वात सावकाश चालणाऱ्याचे प्रमाण धरावे, कारण गट पोहोचतो तो त्याच्यासोबतच.

नियम कुठे चालत नाही?

नेस्मिथ यांनी हा हिशेब बऱ्यापैकी तंदुरुस्त माणसांच्या सोप्या चालीसाठी मांडला होता, तोही स्कॉटलंडच्या थंड हवेत. एप्रिल-मेमधले उघडे, तापलेले कातळ, पाठीवर मुक्कामाचे ओझे, पावसाळ्यातला चिखल आणि शेवाळलेल्या पायऱ्या यांचा त्यात विचार नाही. अशा दिवशी आपले नेहमीचे प्रमाणही अपुरे पडते.

कातळटप्पा असेल तर नियम पूर्णच बाजूला ठेवावा लागतो. तिथे एकेकाला दोर धरून वर घ्यायचे असते. २० मीटरच्या टप्प्याला नियम दोन मिनिटे देतो, पण दहा जणांच्या गटातल्या प्रत्येकाला तीन मिनिटे लागली तरी अर्धा तास जातो. हा वेळ माणसे मोजून वेगळा धरायचा. शिड्यांपाशी लागणाऱ्या रांगेचेही तसेच. शनिवार-रविवारच्या गर्दीत तिथे चालण्यापेक्षा उभे राहण्यातच जास्त वेळ जातो.

पाणी पिणे, फोटो काढणे, वाट चुकून मागे येणे यांचाही हिशेब नियमात नाही. म्हणून नियमाने आलेला आकडा हा कमीत कमी लागणारा वेळ समजावा. त्यात थांबे मिळवावेत, आणि सूर्यास्तापासून उलटे मोजत निघण्याची वेळ ठरवावी.