पहिले मत आणि मतदार यादी : महाविद्यालयात वारंवार भेटणारे काही गैरसमज

निवडणूक जवळ आली की महाविद्यालयांमध्ये नवमतदारांसाठी व्याख्याने आणि नोंदणी शिबिरे भरतात, आणि अशा व्याख्यानाचा विषय मुळात मर्यादित असतो. कोणता पक्ष योग्य, कोणता उमेदवार लायक, किंवा सगळेच नालायक, यांपैकी कोणतेही मत बाळगणारा विद्यार्थी तेथे सारख्याच मानाने बसलेला असतो आणि त्याच्या मताशी वक्त्याचा संबंध नसतो. प्रश्न एवढाच असतो की ज्याला मत द्यायचे आहे त्याला ते मतदानाच्या दिवशी देता यावे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ नुसार ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तेथे मतदान करता येत नाही. त्यामुळे पहिल्या मताची वाट अडते ती बहुधा मतदान केंद्रावर नव्हे, तर त्याआधी कित्येक आठवडे, यादीपाशी, आणि बहुतेक गैरसमजही याच टप्प्यावरचे आहेत.

त्यांतील सर्वांत रूढ समज असा की वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की नाव आपोआप यादीत येते, किंवा निदान मतदानाच्या दिवशी वय अठरा असले म्हणजे पुरते. संविधानाच्या ६१व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले आणि ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली, हे खरे. परंतु वय मोजले जाते ते मतदानाच्या दिवशी नव्हे, तर ‘अर्हता दिनांका’स, म्हणजे पात्रता ठरवण्यासाठी कायद्याने नेमून दिलेल्या तारखेस. पूर्वी अशी तारीख वर्षातून एकच, १ जानेवारी, होती, आणि २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ मध्ये कायद्यात झालेल्या आणि २०२२ पासून लागू असलेल्या सुधारणेनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. नाव मात्र अजूनही आपोआप येत नाही. त्यासाठी ‘नमुना ६’ हा नव्या मतदाराचा अर्ज स्वतःच भरावा लागतो. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला तो आगाऊही भरता येतो, मग पात्रतेची तारीख आली की त्यावर कार्यवाही होते.

महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीचे वेळापत्रक पाहिले की हा फरक स्पष्ट होतो. मतदान २० नोव्हेंबरला होते आणि नामनिर्देशनपत्रे भरण्याची अखेरची तारीख २९ ऑक्टोबर होती. ज्या विद्यार्थिनीचा जन्म २५ सप्टेंबर २००६ चा, ती १ ऑक्टोबर २०२४ या अर्हता दिनांकास पात्र ठरत होती. ज्या विद्यार्थ्याचा जन्म २० ऑक्टोबर २००६ चा, तो मतदानाच्या दिवशी अठरा वर्षे एक महिन्याचा असूनही अपात्र होता, कारण त्याची पहिली अर्हता तारीख १ जानेवारी २०२५ ही होती. पात्र विद्यार्थिनीलाही नोव्हेंबरपर्यंत वेळ नव्हता. नामनिर्देशनाची मुदत संपल्यानंतर त्या निवडणुकीपुरती यादीत नावे घालता येत नाहीत, आणि त्याआधी आलेल्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवून मग चौकशी व निर्णय व्हायचा असतो, म्हणून अर्ज त्या मुदतीच्या निदान दहा दिवस आधी पोहोचलेला असावा लागतो. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहत बसणाऱ्याच्या हाती त्यामुळे फार थोडे दिवस उरतात. महानगरपालिका, जिल्हा परिषद यांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच चकवणारी आहे, कारण त्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच एका ठरावीक तारखेला असलेली यादी घेतो आणि ती प्रभागांनुसार विभागतो; २०२५ च्या अखेरीस झालेल्या नगरपरिषदांच्या निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती.

दुसरा गैरसमज वसतिगृहात राहणाऱ्यांचा आहे आणि तो दोन परस्परविरुद्ध रूपांत आढळतो. काहींना वाटते की शिक्षणासाठी आलेल्या शहरात नोंदणी करताच येत नाही. काहींना वाटते की गावी एक आणि शहरात एक अशी दोन नावे ठेवली तर सोय होते. कायद्याची कसोटी ‘सर्वसाधारण रहिवासा’ची आहे, म्हणजे व्यक्ती सामान्यतः जेथे राहते ते ठिकाण; केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपतही नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत निवडणूक आयोगाने ही कसोटी मुद्दाम सैल ठेवली आहे. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर नोंद ठेवावी की वसतिगृहाच्या, हे त्याने स्वतः ठरवायचे असते. वसतिगृह निवडल्यास प्राचार्य किंवा कुलसचिव यांच्याकडून तो खरोखर तेथे शिकतो व राहतो असे प्रमाणपत्र जोडावे लागते.

उदगीरहून पुण्यात शिकायला आलेल्या आणि शिवाजीनगर भागातील वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. त्याचे नाव अजून कोठेच नसेल तर तो नमुना ६ भरून दोहोंपैकी एक ठिकाण निवडू शकतो. नाव उदगीरला आधीच असेल, तर मात्र पुन्हा नमुना ६ भरणे ही चूक आहे, कारण त्या अर्जात आपले नाव अन्य कोणत्याही यादीत नसल्याचे घोषित करावे लागते आणि खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. त्याच्यासाठी ‘नमुना ८’ आहे, जो पत्ता बदलणे, नोंदीतील चुका सुधारणे, नवे ओळखपत्र मागणे अशा कामांसाठी वापरला जातो आणि ज्यामुळे जुन्या ठिकाणची नोंद वगळली जाऊन नवी होते. दोन नावांचा मोह का होतो हेही समजण्यासारखे आहे : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत उदगीर ज्यात येते त्या लातूर मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले आणि पुण्यात १३ मे रोजी. पण एका सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिल्यास कायद्याने दोन्ही मते शून्यवत ठरतात; मिळवायला गेलेले दुसरे मत पहिल्यालाही घेऊन बुडते.

निवड करताना एक व्यावहारिक गोष्ट विचारात घ्यावी लागते. सैन्यातील मतदार, निवडणूक कर्तव्यावरील कर्मचारी, ८५ वर्षांवरील ज्येष्ठ अशा काही गटांना टपाली मतपत्रिका मिळते. विद्यार्थी या गटांत मोडत नाहीत, म्हणजे नाव उदगीरला ठेवणाऱ्याने मतदानाच्या दिवशी उदगीरला पोहोचलेच पाहिजे. उलट वसतिगृहाचा पत्ता निवडणाऱ्याची अडचण पडताळणीत असते : मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्याला सगळे ‘बीएलओ’ म्हणतात तो कर्मचारी, सुट्टीत चौकशीला आला आणि खोली बंद दिसली तर अर्ज अडकू शकतो. ऑनलाइन अर्ज voters.eci.gov.in येथे केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा, त्यावरून अर्जाची स्थिती अधूनमधून पाहावी, आणि अर्ज नामंजूर झाल्यास मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या त्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

तिसरा गैरसमज ओळखपत्राचा. ओळखपत्र खिशात असणे आणि नाव यादीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थलांतरामुळे किंवा दुबार नोंद म्हणून नाव वगळले गेले असेल तर जुने ओळखपत्र कितीही व्यवस्थित असले तरी मत देता येत नाही. उलट नाव यादीत असेल आणि ओळखपत्र हाती पोहोचले नसेल, तर आधार, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना, पारपत्र यांसारख्या मान्य पर्यायांपैकी एक दाखवून मत देता येते. महाविद्यालयाचे ओळखपत्र मात्र या पर्यायांत येत नाही, आणि घरपोच येणारी मतदार चिठ्ठीही २०१९ पासून एकटी पुरत नाही. म्हणून तपासायचे ते यादीतील नाव, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, तेही निवडणूक जाहीर होण्याआधी. संगणक नसलेल्याला १९५० या क्रमांकावर विचारता येते.

शेवटचा गैरसमज ‘नोटा’चा, म्हणजे वरीलपैकी कोणीही नाही या पर्यायाचा. तो २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला आणि त्यामागचे कारण गुप्ततेचे होते. त्याआधी कोणालाच मत न देणाऱ्याला निवडणूक नियमांतील ‘४९-ओ’ खाली सही करून तशी नोंद करावी लागे, आणि त्याने मत दिले नाही हे केंद्रावरील सर्वांना कळत असे. नोटाचे बटण दाबणाऱ्याची निवड मात्र इतर मतांइतकीच गुप्त राहते. नोटाला सर्वाधिक मते पडली की निवडणूक रद्द होते, ही समजूत लोकसभा आणि विधानसभेच्या बाबतीत चुकीची आहे : तेथे उमेदवारांमध्ये ज्याला सर्वांत जास्त मते, तोच निवडून येतो, आणि अनामत रक्कम वाचवण्यासाठी लागणाऱ्या एकषष्ठांश मतांच्या हिशेबातही नोटाची मते धरली जात नाहीत. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा २७,५०० मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होता, पण निकालावर त्याचा परिणाम शून्य होता. समजुतीला थोडा आधार आहे तो स्थानिक निवडणुकांपुरता, कारण राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार महाराष्ट्रातील स्थानिक संस्थेच्या एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हा घेतली जाते. त्या फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर तिसरी फेरी होत नाही आणि उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा विजयी ठरतो.