कोकणात सूर्य समुद्रातून उगवत नाही

चित्रपट किंवा मालिका सुरू होताना कथा कुठे घडते ते सांगणारं पहिलं दृश्य येतं. त्याला एस्टॅब्लिशिंग शॉट म्हणतात. पूर्वी त्यासाठी हेलिकॉप्टर लागायचं, नंतर ड्रोन आला. आता शब्दांवरून व्हिडिओ तयार करणारी एआय मॉडेलं असं दृश्य देऊ शकतात. त्यांना दिलेली लेखी सूचना म्हणजे प्रॉम्प्ट.

‘कोकणातल्या किनारी गावाचा पहाटेचा ड्रोन शॉट, उंची हळूहळू वाढते’ एवढंच लिहिलं, तर बहुतेक वेळा देखणं दृश्य मिळतं: समुद्राच्या रेषेवर मोठा केशरी सूर्य आणि पाण्यावर त्याची सोनेरी वाट. पण ती कोकणातली संध्याकाळ झाली. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. इथे पहाट डोंगराच्या बाजूने होते. किनारपट्टी बराच वेळ सावलीत राहते आणि आधी उजळतो तो सड्यामागचा आकाशाचा पट्टा. समुद्रावरच्या सूर्याची असंख्य छायाचित्रं मॉडेलने शिकताना पाहिलेली असतात, म्हणून सांगितलं नाही तर ते तिकडेच वळतं.

म्हणून पहिला निर्णय कॅमेऱ्याच्या दिशेचा. तो समुद्राकडून गावाकडे, म्हणजे पूर्वेला पाहतोय असं ठरवलं, की उजेडाची जागा आपोआप ठरते. ‘सूर्य नको’ असं लिहिणं मात्र टाळावं. नकार अनेकदा निसटतो आणि ‘सूर्य’ हा शब्द तेवढा पकडला जातो. जे दिसायला हवं तेच लिहावं.

दुसरा निर्णय उंचीचा. ‘पाच मीटरवरून साठ मीटरवर’ असे आकडे मॉडेल मोजून पाळत नाही. त्याला उंची कळते ती दिसणाऱ्या वस्तूंवरून. आधी होडीची नाळ डोळ्यांसमोर, मग कौलांची छपरं, मग माडांचे शेंडे, शेवटी खाडीचं वळण, अशी पायरी दिली की चढण नीट होते. आणखी एक गोष्ट. कॅमेरा सरळ समोर पाहत वर गेला, तर गाव चौकटीच्या तळाशी घसरतं आणि वर नुसतं आकाश उरतं. म्हणून चढताना तो थोडा थोडा खाली झुकायला हवा.

चढण संथ का वाटते, यामागेही कारण आहे. जमिनीलगत वस्तू जवळ असतात, त्यामुळे थोडी हालचालही वेगवान भासते. उंचावर तोच वेग मंद दिसतो. त्यामुळे सुरुवात अगदी सावकाश, मधे वेग आणि शेवटी पुन्हा स्थिरावणं, असं सांगावं. अशा क्लिप साधारण पाच ते दहा सेकंदांच्या असतात. तेवढ्यात एकच हालचाल नीट मावते. चढणं, गोल फिरणं आणि पुढे झेपावणं एकत्र मागितलं, तर दृश्य धडपडतं किंवा मधेच तुटतं.

हे सगळं जमवून प्रॉम्प्ट असा होतो:

```
आठ सेकंदांचा, न तुटणारा एकच हवाई शॉट.
कोकणातलं मासेमारीचं गाव, सूर्योदयाआधीची वेळ.
कॅमेरा समुद्रावरून पूर्वेला, गावाकडे पाहतो.
आकाश गावामागच्या सड्याच्या वर फिकट केशरी,
किनारा निळसर सावलीत.
सुरुवात नांगरलेल्या होडीच्या उंचीवर. कॅमेरा सरळ
वर चढतो: कौलारू छपरं, माडांचे शेंडे, मग खाडीचं वळण.
आरंभ सावकाश, शेवटी स्थिर. चढताना कॅमेरा किंचित
खाली झुकतो. चुलीचा धूर समुद्राकडे वाहतो.
```

यात ‘ड्रोन’ हा शब्द मुद्दाम नाही, कारण कधी कधी उडणारा ड्रोनच चौकटीत येतो. धुराची ओळ शोभेसाठी नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून धूरही तिकडेच जायला हवा.

क्लिप आली की एकच छप्पर निवडून ते शेवटपर्यंत पाहावं. मधेच त्याचा आकार बदलला, शेजारच्या घरात मिसळलं, तर शॉट फसला. मग होड्या मोजाव्यात: चौकटीबाहेर न जाता एखादी कमी झाली का? लाटा किनाऱ्याकडेच येताहेत का? सड्याची रेषा कलली का? दोष दिसला तर प्रॉम्प्टमधली एकच ओळ बदलून पुन्हा करावं. चार ओळी एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

एक मर्यादा मात्र प्रॉम्प्टने ओलांडता येत नाही. ‘हर्णै’ लिहिलं म्हणून खरं हर्णै मिळेलच असं नाही. समुद्रातला सुवर्णदुर्ग भलत्याच तटबंदीचा निघू शकतो. काल्पनिक कथेतल्या गावासाठी हे चालतं. माहितीपटात किंवा बातमीत मात्र खऱ्या गावाचं नाव देऊन असं दृश्य दाखवणं म्हणजे प्रेक्षकांची फसवणूक. तिथे परवानगी काढून खरा ड्रोनच उडवावा.